भाजलेल्या जखमेची खोली

भाजलेल्या जखमेची खोली म्हणजे उष्णता, वीज, रसायन किंवा प्रारण यांमुळे झालेली इजा त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत पोहोचली आहे याचे मोजमाप होय. मराठीत ज्योत, तापलेला तवा, निखारा अशा कोरड्या उष्णतेने झालेल्या इजेला *भाजणे* आणि उकळते पाणी, वाफ, कढत तेल यांनी झालेल्या इजेला *पोळणे* असे म्हणण्याची पद्धत आहे. खोलीचे निकष मात्र दोहोंना सारखेच लागू पडतात. जखम आपोआप भरून येईल की त्वचारोपण करावे लागेल, व्रण राहील की नाही, सांधा आकसेल की नाही, या प्रश्नांची उत्तरे प्रामुख्याने खोलीवर अवलंबून असतात.

खोलीचा प्राथमिक अंदाज रंग, फोड आणि वेदना या तीन लक्षणांवरून बांधला जातो. यांपैकी वेदना हे लक्षण सर्वाधिक फसवे आहे. अतिशय दुखणारी जखम बहुधा उथळ असते, तर न दुखणारी जखम खोल असण्याची शक्यता अधिक असते. याशिवाय काही प्रकारच्या भाजण्यात जखम कशीही दिसत असली तरी वैद्यकीय उपचार आवश्यक ठरतात.

## त्वचेची रचना आणि खोलीचा अर्थ

त्वचेचे दोन मुख्य थर असतात. वरचा थर म्हणजे *बाह्यत्वचा*. शरीराच्या बहुतेक भागांवर तिची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते, तर तळहात व तळपाय येथे ती बरीच जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि तिच्या तळाशी असलेल्या पेशी सतत विभागून नवी त्वचा तयार करत असतात. तिच्याखालचा जाड थर म्हणजे *अंतस्त्वचा*. या थरात रक्तवाहिन्या, चेतातंतूंची टोके, केसांची मुळे, घर्मग्रंथी आणि त्वचेला चिवटपणा देणारे कोलेजनचे तंतू असतात. त्याखाली चरबीचा थर व त्याखाली स्नायू असतात.

केसांची मुळे व घर्मग्रंथी यांच्या भिंतींना बाह्यत्वचेसारख्याच पेशींचे अस्तर असते आणि ते अंतस्त्वचेत खोलवर उतरलेले असते. बाह्यत्वचा पूर्णपणे जळून गेली तरी ही मुळे जिवंत राहिल्यास त्यांच्यातून नव्या पेशी वर येतात आणि जखम झाकली जाते. इजा जितकी खोल, तितकी कमी मुळे शिल्लक राहतात आणि जखम भरण्यास तितका जास्त काळ लागतो. सर्व मुळे नष्ट झाली, तर जखम केवळ कडांकडूनच भरू शकते. अशी जखम मोठी असल्यास ती आपोआप भरून येत नाही. त्यामुळे जखमेची खोली जाणणे म्हणजे पुनर्निर्मिती करू शकणाऱ्या किती पेशी उरल्या आहेत, याचा अंदाज घेणे होय.

खोली तापमान आणि संपर्काचा काळ या दोहोंवर ठरते. ६० अंश सेल्सियस तापमानाचे पाणी सुमारे पाच सेकंदांत प्रौढ व्यक्तीच्या त्वचेला गंभीर इजा करते, तर ७० अंशांच्या पाण्याला सुमारे एक सेकंद पुरतो. उलट ४४ अंशांच्या उष्णतेलाही काही तास संपर्क राहिल्यास त्वचा भाजते. गरम पाण्याची पिशवी अंगाखाली ठेवून झोपी गेलेल्या व्यक्तीला खोल जखम होते ती याच कारणाने. लहान मुले व वृद्ध यांची त्वचा पातळ असल्याने तेवढ्याच उष्णतेने त्यांची जखम अधिक खोल होते.

## खोलीच्या श्रेणी

पूर्वी भाजण्याच्या पहिली, दुसरी व तिसरी अशा श्रेणी सांगितल्या जात. आता वैद्यकात थरांच्या नावावरून केलेले वर्गीकरण अधिक वापरले जाते. त्यात दुसऱ्या श्रेणीचे दोन भाग केले जातात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण उथळ आंशिक जखम बहुधा व्रण न राहता भरते, तर खोल आंशिक जखमेस अनेकदा शस्त्रक्रिया लागते.

| श्रेणी | रंग व पृष्ठभाग | फोड | वेदना | भरण्याचा काळ |
|---|---|---|---|---|
| वरवरची (पहिली) | लालसर, कोरडी | नसतात | हुळहुळते, दुखते | सुमारे ३ ते ६ दिवस |
| उथळ आंशिक (दुसरी) | गुलाबी, ओलसर. दाबल्यास पांढरी पडून रंग लगेच परततो | असतात | तीव्र. वाऱ्यानेही झोंबते | सुमारे १ ते ३ आठवडे |
| खोल आंशिक (दुसरी) | गडद लाल व पांढरट ठिपक्यांची. दाबल्यास रंग बदलत नाही किंवा सावकाश परततो | असल्यास सहज फुटतात | कमी. मुख्यतः दाब जाणवतो | ३ आठवड्यांहून अधिक |
| पूर्ण जाडीची (तिसरी) | मेणासारखी पांढरी, करडी, तपकिरी किंवा काळी. कोरडी व ताठ | सहसा नसतात | जखमेच्या मध्यभागी नसते | मोठी असल्यास आपोआप भरत नाही |

इजा त्वचेपलीकडे स्नायू, कंडरा किंवा हाडापर्यंत गेली असल्यास तिला काही वेळा चौथी श्रेणी म्हणतात. उच्च दाबाच्या विजेच्या धक्क्यात किंवा अपस्मारासारख्या झटक्यात शुद्ध हरपून आगीत पडलेल्या व्यक्तीत अशी इजा आढळते.

प्रत्यक्षात एकाच जखमेत अनेक श्रेणी शेजारी शेजारी असतात. बहुधा मध्यभाग सर्वांत खोल आणि कडा उथळ असतात. त्यामुळे संपूर्ण जखमेला एकच श्रेणी न देता तिचा प्रत्येक भाग वेगळा तपासावा लागतो.

## रंगावरून परीक्षा

जखमेचा रंग मुख्यतः अंतस्त्वचेतील रक्तप्रवाह दाखवतो. वरवरच्या इजेत तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून त्वचा लाल दिसते. उन्हाने भाजलेली त्वचा हे याचे नेहमीचे उदाहरण होय. बाह्यत्वचा निघून गेल्यावर खालची जिवंत अंतस्त्वचा गुलाबी, ओली आणि चकचकीत दिसते. रक्तवाहिन्या गोठून बंद पडल्या की त्वचा पांढरी पडते, आणि ऊतकच करपले की ती तपकिरी अथवा काळी होते.

केवळ रंग पाहण्यापेक्षा दाबून पाहणे अधिक विश्वसनीय असते. निर्जंतुक हातमोजा घातलेल्या बोटाने जखमेवर हलका दाब देऊन सोडला जातो. दाबाने रक्त बाजूला सरून जागा पांढरी झाली आणि एक-दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली, तर तेथील रक्ताभिसरण चालू आहे आणि जखम उथळ आहे असे समजले जाते. रंग सावकाश परतला तर जखम खोल असण्याचा संभव असतो. दाबूनही रंग मुळीच बदलला नाही, तर रक्तवाहिन्या बंद पडल्या आहेत असा निष्कर्ष निघतो.

या परीक्षेमुळे एक नेहमीची चूक टळते. पोळल्याने झालेली काही खोल जखम पांढरी किंवा काळी न दिसता चेरीसारखी गडद लाल दिसते. उष्णतेने फुटलेल्या रक्तपेशींतील रंगद्रव्य ऊतकात मुरून बसल्याने हा रंग येतो. पाहणाऱ्याला ती साधी लाली वाटते. मात्र दाबल्यावर हा लाल रंग हटत नाही, कारण तो वाहत्या रक्ताचा नसून डागासारखा स्थिर झालेला असतो. पूर्ण जाडीच्या जखमेत काही वेळा ताठ त्वचेतून गोठलेल्या रक्तवाहिन्यांचे काळसर जाळेही दिसते.

### सावळ्या त्वचेतील रंग

वैद्यकीय ग्रंथांतील पुष्कळ वर्णने व छायाचित्रे गोऱ्या त्वचेवर आधारलेली आहेत. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर वरवरची लाली स्पष्ट दिसत नाही. ती जागा केवळ आसपासच्या त्वचेपेक्षा अधिक गडद, जांभळट किंवा चकाकती दिसू शकते. अशा वेळी शरीराच्या दुसऱ्या बाजूच्या त्याच भागाशी तुलना करणे आणि उष्णता, सूज व हुळहुळेपणा यांची नोंद घेणे उपयुक्त ठरते. बाह्यत्वचा निघून गेल्यावर हा फरक बराचसा नाहीसा होतो, कारण त्वचेचे रंगद्रव्य मुख्यतः बाह्यत्वचेत असते आणि खालची जिवंत अंतस्त्वचा सर्वांमध्ये गुलाबीच दिसते. मात्र निघालेल्या सालीखालचा पांढरा भाग पाहून नवी गोरी त्वचा आली, असा समज होऊ शकतो. तो भाग कोरडा असेल आणि दाबल्यावर त्याचा रंग बदलत नसेल, तर ती खोल जखम असते.

## फोडांवरून परीक्षा

फोड हे बाह्यत्वचा अंतस्त्वचेपासून सुटल्याचे चिन्ह आहे. इजा झालेल्या रक्तवाहिन्यांतून पाझरलेला द्रव या दोन थरांमध्ये साठतो आणि सुटलेली बाह्यत्वचा फुग्यासारखी वर येते. द्रव पाझरण्यासाठी खाली रक्तप्रवाह चालू असावा लागतो. म्हणून ताठ, पाण्याने भरलेला, जाड पापुद्र्याचा फोड हे बहुधा आंशिक जाडीच्या, आणि त्यातही उथळ, जखमेचे लक्षण असते. फोड मुळीच नसणे हे मात्र दोन टोकांच्या अवस्थांत आढळते. वरवरच्या जखमेत बाह्यत्वचा सुटलेलीच नसते, तर पूर्ण जाडीच्या जखमेत द्रव पाझरायला चालू रक्तवाहिन्याच उरलेल्या नसतात. फोड नाही म्हणून जखम किरकोळ, हा समज त्यामुळे चुकीचा आहे.

मोटारसायकलच्या सायलेन्सरचा पोटरीला बसलेला चटका या दृष्टीने बोलका आहे. तापलेल्या धातूचा चटका क्षणभराचा असला तरी बऱ्याचदा खोल जातो. जखम लहान, लांबट आणि सुरुवातीला फिकट व कोरडी असते. तिच्यावर फोड येईलच असे नाही. रुग्ण ती दुर्लक्षितो, आणि तीन आठवड्यांनंतरही ती भरलेली नाही हे पाहून वैद्याकडे जातो.

फोड सर्वत्र लगेच येत नाहीत. काही जखमांत ते बारा ते चोवीस तासांनी उठतात. भाजल्यानंतर तासाभरात केवळ लालसर दिसणारी जखम दुसऱ्या दिवशी आंशिक जाडीची ठरू शकते. शिवाय फोड शाबूत असेपर्यंत त्याच्या तळाची अंतस्त्वचा दिसत नाही, म्हणून मोठ्या किंवा फाटलेल्या फोडाचा पापुद्रा वैद्य काढून टाकतात आणि तळ तपासतात. हे काम निर्जंतुक परिस्थितीतच करावयाचे असते. घरी फोड फोडल्यास जंतूंना वाट मिळते आणि झाकलेली अंतस्त्वचा सुकून इजा वाढते.

## वेदनेवरून परीक्षा

वेदना जाणवून देणारी चेतातंतूंची टोके अंतस्त्वचेत व तिच्या वरच्या सीमेवर पसरलेली असतात. बाह्यत्वचा निघून ही टोके उघडी पडली, की पंख्याच्या वाऱ्यानेही जखम झोंबते. म्हणूनच उथळ आंशिक जखम सर्वांत जास्त दुखते. इजा आणखी खोल गेल्यावर टोकेच नष्ट होऊ लागतात. रुग्णाला स्पर्श जाणवतो, दाब जाणवतो, पण टोचल्याची तीक्ष्ण वेदना कमी होते. पूर्ण जाडीच्या जखमेच्या मध्यभागी टोचलेलेही कळत नाही.

रुग्णालयात यासाठी निर्जंतुक सुईच्या टोकाने हलकेच टोचून तीक्ष्ण वेदना होते की केवळ स्पर्श कळतो, हे विचारले जाते. ही चाचणी घरी करू नये. संवेदनाहीन भागातील केस ओढल्यास तो न दुखता सहज निघून येतो, हेही खोल इजेचे चिन्ह मानले जाते.

वेदनेच्या निकषाला तीन मर्यादा आहेत. पहिली अशी, की खोल जखमेच्या कडा उथळ असल्याने त्या दुखतातच. रुग्ण ‘खूप दुखते’ असे सांगतो तेव्हा ते दुखणे नेमके कोणत्या भागातले आहे हे पाहावे लागते. दुसरी मर्यादा लहान मुलांची. भीतीने रडणारे मूल आणि वेदनेने रडणारे मूल यांत फरक करणे कठीण असते, तर थकून गप्प झालेल्या मुलाची जखम बरी वाटू लागते. तिसरी मर्यादा आधीपासूनच संवेदना कमी असलेल्या व्यक्तींची. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांतील चेतातंतू निकामी झालेले असतात. कुष्ठरोग, पक्षाघात व मज्जारज्जूची इजा यांतही तसेच घडते. उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालल्याने किंवा कढत पाण्यात पाय बुडवल्याने अशा व्यक्तींचे तळपाय भाजतात आणि त्यांना ते फोड दिसेपर्यंत कळतही नाही. त्यांच्या बाबतीत वेदना नसणे हे खोलीविषयी काहीच सांगत नाही.

## खोली पहिल्या दिवशी अंतिम का नसते

इंग्लंडमधील शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये भाजलेल्या जखमेचे तीन पट्टे वर्णन केले. मध्यभागी *गोठलेला पट्टा* असतो. त्यातील पेशी मृत झालेल्या असतात आणि त्या वाचवता येत नाहीत. सर्वांत बाहेरचा पट्टा रक्ताने भरलेला व लाल असतो, आणि तो बहुधा पूर्ववत होतो. या दोहोंच्या मध्ये *मंद प्रवाहाचा पट्टा* असतो. त्यातील पेशी जिवंत असतात, पण रक्तप्रवाह मंदावलेला असतो.

जखमेचे भवितव्य या मधल्या पट्ट्यावर ठरते. शरीरातील पाणी कमी झाले, जंतुसंसर्ग झाला, जखम सुकली किंवा सुजेने रक्तपुरवठा आवळला गेला, तर हा पट्टाही मरतो आणि जखम रुंदीने व खोलीने वाढते. हा बदल साधारणपणे पहिल्या दोन ते तीन दिवसांत घडतो. त्यामुळे पहिल्या दिवशी उथळ ठरवलेली जखम ४८ ते ७२ तासांनी पुन्हा तपासण्याची पद्धत आहे. आधी लावलेला अंदाज चुकलेलाच असतो असे नाही, अनेकदा जखमच बदललेली असते.

अनुभवी शल्यचिकित्सकांनाही मधल्या खोलीच्या जखमांचा अंदाज केवळ डोळ्यांनी नेहमी अचूक बांधता येत नाही. काही केंद्रांत यासाठी लेसर डॉप्लर उपकरण वापरतात. ते जखमेला स्पर्श न करता त्वचेतील रक्तप्रवाहाचे चित्र देते. तेही दोन-तीन दिवसांनी वापरल्यास अधिक विश्वसनीय ठरते.

## उदाहरण

पुढील नमुन्यादाखल घेतलेल्या प्रसंगावरून तिन्ही लक्षणे एकत्र कशी वाचली जातात ते स्पष्ट होते. दीड वर्षाच्या मुलाने ओट्याच्या कडेला ठेवलेला, नुकताच ओतलेला चहा ओढला. चहा डाव्या खांद्यावर, छातीवर आणि दंडावर सांडला. अंगात सुती झबले होते. घरच्यांनी ते लगेच काढले आणि जखमेवर वीस मिनिटे नळाचे पाणी सोडले.

जखमेत तीन प्रकारचे भाग दिसतात. कडेचा भाग केवळ लालसर व कोरडा आहे. तो वरवरचा असल्याने भाजलेल्या क्षेत्रफळात धरला जात नाही. खांदा व दंडावरील साल निघून खाली गुलाबी, ओला पृष्ठभाग दिसतो. तो दाबल्यास पांढरा होऊन लगेच गुलाबी होतो आणि मूल जोराने ओरडते. हा भाग उथळ आंशिक जाडीचा आहे. काखेच्या पुढच्या घडीत मात्र चहाने भिजलेले झबले चिकटून राहिले होते. तेथील सुमारे अर्ध्या तळव्याएवढा भाग गडद लाल असून त्यात पांढरट ठिपके आहेत. दाबूनही तो रंग हटत नाही आणि तेथे हात लावल्यास मूल पूर्वीइतके ओरडत नाही.

मुलाचा स्वतःचा तळवा, बोटे जुळवून, शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारे एक टक्का भरतो. लाल कडा वगळता जखम चार तळव्यांएवढी, म्हणजे सुमारे चार टक्के आहे. क्षेत्रफळ फार मोठे नाही. तरीही मुलाचे वय, काखेसारखा सांध्याचा भाग आणि दाबूनही रंग न बदलणारा पट्टा या तीन कारणांनी रुग्णालयात नेणे आवश्यक ठरते.

तिसऱ्या दिवशी काखेतील पट्टा अधिक पांढरा व कोरडा झालेला दिसतो. दोन आठवड्यांनी खांदा नव्या गुलाबी त्वचेने झाकलेला असतो, पण काखेतील जखम उघडीच असते. ती तशीच भरू दिली तर व्रण आकसून हात वर उचलता येणार नाही, म्हणून तेथे त्वचारोपणाचा निर्णय घेतला जातो. पहिल्या दिवशी केवळ रडण्यावरून अंदाज बांधला असता तर खांद्याची जखम गंभीर आणि काखेची किरकोळ वाटली असती.

## वैद्यकीय उपचार नेहमी आवश्यक असलेले भाजणे

पुढील प्रकारांत जखम लहान किंवा उथळ वाटली तरी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

* खोल जखम: पांढरी, करडी, काळी, ताठ किंवा बधिर जखम कोणत्याही आकाराची असली तरी दाखवावी लागते.
* मोठी जखम: रुग्णाच्या तळव्यापेक्षा मोठी, फोड आलेली जखम वैद्याला दाखवावी. प्रौढांत १० टक्क्यांहून आणि मुलांत ५ टक्क्यांहून अधिक पृष्ठभागावर अशी जखम असल्यास रुग्णालयातील उपचार लागतात. मोठ्या जखमेतून शरीरातील द्रव झपाट्याने कमी होतो आणि रक्तदाब खाली येऊ शकतो.
* विशिष्ट जागा: चेहरा, डोळे, कान, हात, पाय, जननेंद्रिये, गुदद्वाराचा परिसर आणि मोठे सांधे येथे लहान व्रणानेही अवयवाचे कार्य बिघडते.
* वेढणारी जखम: हात, पाय, बोट, मान किंवा छाती यांना सर्व बाजूंनी वेढणारी खोल जखम ताठ पट्ट्यासारखी आवळते. खाली सूज वाढत जाते आणि रक्तपुरवठा किंवा श्वास अडतो. अशा वेळी ताठ त्वचेला तातडीने छेद देऊन ताण मोकळा करावा लागतो.
* वीज: विजेचा धक्का त्वचेवर नाण्याएवढीच खूण सोडतो, पण प्रवाहाच्या मार्गातील स्नायू आतून भाजलेले असू शकतात. हृदयाची लय बिघडू शकते. लघवी गडद तपकिरी होणे हे स्नायू नष्ट होत असल्याचे चिन्ह आहे. येथे जखमेच्या दिसण्यावरून खोली ठरवणे निरुपयोगी असते.
* रसायने: आम्ल किंवा अल्कली धुतले जाईपर्यंत इजा करतच राहते. अल्कली ऊतक विरघळवत खोल उतरते आणि सुरुवातीला फारशी वेदनाही होत नाही. तंबाखूसोबतच्या चुन्याची पुडी दाबताना चुना मुलांच्या डोळ्यांत उडण्याचे प्रकार भारतात आढळतात. डोळा लगेच भरपूर पाण्याने धूत राहून रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे लागते.
* धूर: बंद खोलीतील आगीतून वाचलेल्या व्यक्तीचा आवाज घोगरा झाला, नाकातील केस जळले किंवा थुंकीत काजळी दिसली, तर श्वासमार्ग भाजल्याची शंका घ्यावी लागते. ही सूज काही तासांत वाढून श्वास बंद पडू शकतो. त्वचेवर एकही जखम नसली तरी ही आणीबाणी असते.
* व्यक्ती: लहान मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यात लहान जखमही गुंतागुंतीची होऊ शकते.
* संशयास्पद इजा: सांगितलेली घटना आणि जखमेचे स्वरूप जुळत नसल्यास, उदाहरणार्थ मुलाच्या दोन्ही पायांवर मोज्यासारखी सरळ रेषेत संपणारी पोळल्याची जखम असल्यास, हेतुपुरस्सर इजेची शक्यता तपासावी लागते.

घरी ठेवलेल्या किरकोळ जखमेच्या बाबतीतही पुढे लाली पसरणे, पू किंवा दुर्गंधी येणे, ताप येणे, वेदना पुन्हा वाढणे, किंवा दोन आठवड्यांत जखम न भरणे ही वैद्याकडे जाण्याची कारणे होत. लहान मुलांत अगदी लहान जखमेनंतरही काही दिवसांत ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब व मलूलपणा दिसल्यास जंतूंच्या विषाचा प्रादुर्भाव झालेला असू शकतो, आणि त्यावर तातडीने उपचार करावे लागतात. धनुर्वाताची लस घेऊन किती काळ झाला आहे, हेही प्रत्येक जखमेच्या वेळी विचारले जाते. महाराष्ट्रात गंभीर रुग्णासाठी १०८ या दूरध्वनी क्रमांकावरून रुग्णवाहिका मिळते.

## प्रथमोपचारांचा परीक्षेशी संबंध

उष्णतेने भाजल्यावर प्रथम आग विझवून किंवा कढत पदार्थ दूर करून भिजलेले कपडे, बांगड्या व अंगठ्या काढाव्यात. जखमेला चिकटलेले कापड ओढू नये. त्यानंतर जखमेवर वीस मिनिटे वाहते, साधे थंड पाणी सोडावे. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत हा उपाय उपयोगी पडतो. त्यामुळे वेदना कमी होते आणि मधल्या पट्ट्यातील पेशी वाचण्यास मदत होते. बर्फ वापरल्यास रक्तवाहिन्या आकुंचन पावून हाच पट्टा धोक्यात येतो. मोठी जखम असलेल्या मुलाचे उरलेले अंग कोरड्या कापडाने झाकून उबदार ठेवावे लागते. शेवटी जखम स्वच्छ, न चिकटणाऱ्या आवरणाने सैल झाकावी.

हळद, शाई, टूथपेस्ट, तूप, बटाट्याचा कीस किंवा जांभळे औषध लावण्याची प्रथा अनेक घरांत आहे. त्यांनी संसर्गाचा धोका वाढतो, शिवाय निदानातही अडथळा येतो. हळदीने पिवळा व शाईने निळा झालेला पृष्ठभाग दाबल्यावर पांढरा पडतो की नाही, हे सांगता येत नाही. टूथपेस्टचा पांढरा थर खोल जखमेच्या पांढऱ्या रंगासारखा दिसतो. लेप खरवडून काढताना रुग्णाला वेदना होतात आणि फोड फाटतात. त्यामुळे तपासणीपूर्वी जखमेवर पाण्याखेरीज काहीही लावलेले नसावे.